दाखल्यावर लिहिलेलं कारण आणि खरं कारण

प्रश्न: मुली माध्यमिक शाळा मधेच का सोडतात, यावर मला निबंध लिहायचा आहे. जिथे बघावं तिथे गरिबी, लग्न, अंतर, शौचालय अशी यादीच मिळते. यातलं नेमकं कोणतं कारण खरं, त्याला पुरावा काय, आणि कोणते उपाय खरोखर चालतात?

उत्तर:

शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी जाण्याचं आणि त्यांना परत वर्गात आणण्याचं काम मी बावीस वर्षं केलं. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मीसुद्धा अशीच यादी घेऊन फिरत होतो. घरी जायचं, कारण विचारायचं, यादीतल्या एका खान्यात खूण करायची. वर्षाअखेरीस खुणा मोजल्या की ‘लग्न’ आणि ‘घरकाम’ सगळ्यांत वर. मग बालविवाहाविरुद्ध सभा घ्यायच्या. सभा व्हायच्या, गळती मात्र होती तेवढीच राहायची.

चूक कुठे होते आहे ते एका मुलीच्या कागदांनी दाखवलं. तुमच्या निबंधाला हे एकच प्रकरण पुरेल असं मला वाटतं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण होतं ‘विवाह’. तारीख नववीच्या निकालानंतर पाच महिन्यांची. त्या दिवशी मी सहज तिचे मागच्या दोन वर्षांचे हजेरीपट आणि गुणपत्रकं एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आठवीच्या पहिल्या महिन्यात ती 24 पैकी 23 दिवस हजर होती. तिसऱ्या महिन्यात 20 दिवस, आणि चार गैरहजेऱ्यांपैकी तीन सोमवारच्या. त्यापुढच्या महिन्यांतही तेच, सोमवार रिकामा. गणिताच्या घटक चाचण्यांत 20 पैकी आधी 14, मग 9, मग 5. बाकी विषय जेमतेम टिकून होते.

सोमवारी काय होतं हे तिच्या आईने सांगितलं. आजीला दर सोमवारी उपचारांसाठी रुग्णालयात न्यावं लागायचं. आई सोबत जायची आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ हिच्याजवळ राहायचा. घरात हिच्याहून दोन वर्षांनी मोठा आणखी एक भाऊ होता, तोही शाळेत जाणारा. सोमवारी त्याने घरी राहावं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आईने हे सांगितलं तेव्हा त्यात लपवाछपवी नव्हती आणि क्रूरपणाही नव्हता. ते तसंच असतं, एवढंच तिचं म्हणणं.

इकडे गणिताचे शिक्षक नवा धडा बहुतेक सोमवारीच सुरू करायचे. मंगळवारी ती वर्गात यायची तेव्हा व्याख्या आणि पहिली उदाहरणं होऊन गेलेली असायची. मुलगी शांत, वह्या नीटनेटक्या, तक्रार कधी नाही. म्हणून कुणी विचारलं नाही.

आठवी कशीबशी पार पडली. नववीला शाळा बदलली, कारण जवळची शाळा आठवीपर्यंतच होती. नवी शाळा पाच किलोमीटरवर. बस उशिरा आली की शाळेचं फाटक बंद, आणि उशिरा आलेल्यांनी पहिला तास संपेपर्यंत बाहेर थांबायचं असा नियम. पहिला तास गणिताचा. वार्षिक परीक्षेत ती गणित आणि विज्ञानात नापास झाली. निकालाचा दिवस हा तिचा शाळेतला शेवटचा दिवस. त्यानंतर ती घरी बसून होती. तीन-चार महिन्यांनी स्थळ आलं आणि पाचव्या महिन्यात लग्न झालं. वडील दाखला न्यायला आले, लेखनिकाने कारण विचारलं, त्यांनी ‘लग्न झालं’ म्हणून सांगितलं, ते लिहिलं गेलं. सरकारी आकडेवारीत ही मुलगी लग्नामुळे गळाली.

लग्नाने तिची शाळा सोडवली नाही. ती शाळेतून सुटलेली होती, म्हणून लग्न आलं. या दोन वाक्यांतला फरक नीट समजला की उपाय कुठे करायचा ते कळतं. सगळ्याच मुलींचं असं होतं असा माझा दावा नाही. चांगली शिकत असलेल्या मुलीला लग्नासाठी ओढून काढल्याची प्रकरणंही मी पाहिली आहेत, आणि तिथे कायदा हाच उपाय आहे. पण मी ज्यांचे कागद असे जुळवून पाहिले, त्यांत आधी गैरहजेरी, मग एका-दोन विषयांत मागे पडणं, मग नापास किंवा शाळा बदलणं, मग घरी बसणं आणि शेवटी लग्न किंवा मजुरी, हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसला. घरच्यांचा निर्णय बहुतेक वेळा ‘आता शिकवायचं नाही’ असा नसतो. ‘नाहीतरी ती नापासच होते, रोज एवढ्या लांब कशाला पाठवायचं’ असा तो हळूहळू घडत जातो.

आता पुराव्याकडे येतो. साखळीतल्या वेगवेगळ्या कड्यांवर जगात चांगले प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचे निकाल यादीपेक्षा बरंच जास्त शिकवतात.

अंतराचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे. बिहारमध्ये 2006 पासून नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी आणि त्याच वयाच्या मुलांशी तुलना करून या योजनेचा परिणाम मोजला. माध्यमिक शाळेच्या वयाच्या मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली. त्यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की ही वाढ प्रामुख्याने त्या गावांत दिसली जिथून माध्यमिक शाळा 3 किलोमीटर किंवा त्याहून लांब होती. म्हणजे पैसे मिळाले एवढ्यानेच मुली आल्या असं नाही, रस्ता लहान झाला म्हणून आल्या. नुसत्या पैशाचा परिणाम असता तर जवळच्या गावांतही तेवढाच दिसायला हवा होता. झांबियात मुलींना सायकली देऊन झालेल्या प्रयोगातही शाळेला जाण्याचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि उशिरा पोहोचणं जवळपास दोन तृतीयांशाने कमी झालं. उशिरा पोहोचणं ही क्षुल्लक बाब वाटते, पण वरच्या मुलीचा पहिला तास आठवा.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. बिहारमध्ये दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली वाढल्या, उत्तीर्ण होणाऱ्याही वाढल्या, पण उत्तीर्णांची वाढ नोंदणीतल्या वाढीपेक्षा बरीच कमी होती. सायकल मुलीला वर्गापर्यंत नेते. राहिलेलं गणित ती भरून काढत नाही.

पैशाचा मुद्दा वाटतो तेवढा सरळ नाही. माध्यमिक शाळेत फी नसली तरी गणवेश, वह्या, प्रवास, परीक्षेचं शुल्क हा खर्च असतोच, आणि दोन मुलांचा खर्च झेपत नसेल तेव्हा कुणाचा आधी थांबतो हे सांगायला नको. केनियात प्राथमिकच्या वरच्या वर्गांत 328 शाळांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या काही शाळांत मुलांना फक्त गणवेश मोफत दिले. तीन वर्षांनी मुलींची गळती सुमारे 19 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आली आणि किशोरवयातली गर्भारपणंही कमी झाली. लैंगिक शिक्षणाचा एक शब्दही न बोलता, फक्त गणवेशाने. मुलगी शाळेत राहते तेवढा काळ गर्भारपण लांबतं, हेच यातून दिसतं.

रोख मदतीत अट घालावी की नाही यावर मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यातला प्रयोग वाचण्यासारखा आहे. काही मुलींना शाळेत 80 टक्के हजर राहण्याच्या अटीवर पैसे मिळाले, काहींना बिनशर्त. गळती रोखण्यात अट असलेली मदत जास्त प्रभावी ठरली. पण दोन वर्षांनंतर लग्न आणि गर्भारपण बिनशर्त गटात स्पष्टपणे कमी होतं, आणि हा सगळा फरक शाळा सोडलेल्या मुलींमुळे पडला होता. अटीच्या गटातल्या मुलीची शाळा सुटली की पैसेही थांबत. बिनशर्त गटातल्या मुलीच्या घरात ते येत राहत, म्हणून तिच्या लग्नाची घाई कमी होई. पुढे पैसे बंद झाल्यावर बिनशर्त गटातला हा फायदा टिकला नाही, हेही त्याच संशोधकांनी नंतर दाखवलं. म्हणून शिष्यवृत्ती आखताना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: गुणांची अट घालू नका. बांगलादेशात 1994 पासूनच्या मुलींच्या मोठ्या शिष्यवृत्ती योजनेत 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण आणि अविवाहित असणं अशा तीन अटी होत्या. हजेरीची अट मी समजू शकतो. पण ज्या मुलीचे गुण घसरत आहेत तिचीच शिष्यवृत्ती काढून घेतली, तर साखळीची पुढची कडी आपणच तिच्या हातात देतो.

आता अशा एका कारणाबद्दल जे सगळीकडे ठामपणे सांगितलं जातं: पाळी. नेपाळच्या चितवन भागात एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन यांनी 198 मुलींच्या रोजच्या नोंदी ठेवल्या आणि काहींना पाळीत वापरायचे कप दिले. पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाकाठी अर्ध्या दिवसापेक्षाही कमी भरली, आणि कपमुळे हजेरीत काही फरक पडला नाही. याचा अर्थ मुलींना त्रास होत नाही असा नाही. वेदना, डाग पडण्याची भीती, हे सगळं खरं आहे, आणि साधनं त्यांना मिळायलाच हवीत, तो त्यांचा हक्क आहे. पण गळती थांबवण्यासाठीचा निधी फक्त त्यावर खर्च करून गळती थांबेल असं समजू नये. शौचालयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. भारतातल्या शाळांवर अंजली अडुकिया यांनी केलेल्या अभ्यासात लहान मुलांसाठी कोणतंही शौचालय उपयोगी पडलं, वयात आलेल्या मुलींची नोंदणी मात्र मुलींसाठी वेगळं शौचालय असेल तरच वाढली. मुलींचा प्रश्न फक्त स्वच्छतेचा नसतो, एकांताचा आणि सुरक्षिततेचाही असतो. म्हणून पाहणीला गेलो की मी शौचालय आहे का हे विचारत नाही. त्याचं दार आतून लागतं का, मधल्या सुट्टीत त्याची किल्ली कुणाकडे असते, आणि तिथे जाताना मुलांच्या घोळक्यातून जावं लागतं का, हे पाहतो. किल्ली कार्यालयात असेल तर ते शौचालय नसल्यातच जमा.

उपायांत पहिला उपाय हजेरीपटावरचाच, आणि त्याला पैसा लागत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शाळांवर रॉबर्ट बाल्फान्झ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात सहावीतल्या चार खुणांवरून पुढची गळती आधीच ओळखता आली: हजेरी 80 टक्क्यांवर किंवा खाली, गणितात नापास, इंग्रजीत नापास, आणि वर्गातलं बिघडलेलं वागणं. मी हे जसंच्या तसं वापरून पाहिलं आणि मुलींच्या बाबतीत अडलो. वागणुकीची खूण मुलांना पकडते, मुलींना बहुतेक वेळा नाही. मागे पडलेला मुलगा दंगा करतो, मागे पडलेली मुलगी गप्प होते, शेवटच्या बाकावर सरकते आणि वही कोरीव अक्षरात उतरवून काढते. शिवाय 80 टक्क्यांची वाट पाहिली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

म्हणून आम्ही वेगळी पद्धत बसवली. दर महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षक तीन गोष्टी पाहतात. लागोपाठ दोन महिने तीन किंवा जास्त दिवस कोण गैरहजर आहे. त्या गैरहजेऱ्या ठरावीक वारी येतात का. आणि गणिताचे गुण लागोपाठ दोन चाचण्यांत घसरले का. पन्नासच्या वर्गात यात साधारण चार-पाच नावं निघतात आणि काम अर्ध्या तासाचं आहे. नावं पंधरा निघाली तर अडचण मुलींची नसून बसची, शिक्षकाची किंवा गावातल्या एखाद्या हंगामी कामाची आहे, असं समजून शोध घ्यायचा. यात बिघाड कुठे होतो तेही सांगतो. काही शाळांत पट टिकवण्यासाठी गैरहजर मुलींना हजर दाखवतात. अशा हजेरीपटातून काहीच वाचता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: हजेरी 97-98 टक्के आणि वर्गात बाकं रिकामी, किंवा सगळ्या मुलींच्या गैरहजेऱ्या संशयास्पद सारख्या. तिथे आधी मुख्याध्यापकांना हे पटवावं लागतं की खरी गैरहजेरी लिहिल्याबद्दल कुणाला बोलणी बसणार नाहीत.

नाव निघालं की आठवड्याच्या आत घरी जायचं, आणि ‘शाळा का सोडते आहे’ हा प्रश्न विचारायचाच नाही. तो विचारला की घरचे सावध होतात आणि यादीतलं एक कारण हातात देतात. मी विचारतो, ‘मागच्या सोमवारी सकाळपासून रात्रीपर्यंत घरात कोण कुठे होतं?’ दिवसाचा हिशेब मांडला की कारण आपोआप दिसतं, आणि बऱ्याचदा तोडगाही घरचेच काढतात.

पहिल्या मुलीनंतर दोन वर्षांनी जवळपास तसंच दुसरं घर आलं. आजारी माणूस, लहान बाळ, आठवड्यातला एक दिवस बुडणारा. या वेळी आम्ही तिसऱ्याच महिन्यात पोहोचलो होतो. घरात मोठा भाऊ होता. वडिलांशी बोलताना मुलींच्या शिक्षणावर भाषण केलं नाही. फक्त दोघांच्या हजेरीचे आकडे समोर ठेवले आणि म्हटलं, महिन्यातल्या अशा चार दिवसांपैकी दोन त्याने थांबावं, दोन हिने. वडील बराच वेळ गप्प राहिले, मग हो म्हणाले. गणिताच्या शिक्षकांना विनंती केली की नवा धडा त्या वारी सुरू करू नये, आणि बुडालेल्या दोन दिवसांचं शाळा भरण्याआधी वीस मिनिटं सांगावं. एवढंच. तिचे गुण 20 पैकी 8 वर अडले होते, वर्षाअखेरीस ते 12 झाले. पुढच्या वर्षी शाळा लांब पडली तेव्हा आम्ही फाटकाचा नियम बदलून घेतला: उशिरा आलेल्यांनी वर्गात जाऊन बसायचं, नोंद नंतर. ती मुलगी दहावी झाली.

सातवी-आठवीतून माध्यमिकमध्ये जाण्याची वेळ ही वेगळी जोखीम आहे. जुन्या शाळेला वाटतं मुलगी नव्या शाळेत गेली, नवीला ती माहीतच नसते. निकालानंतर प्रत्येक मुलीचं नाव नव्या शाळेच्या पटावर चढलं का, हे जुन्या वर्गशिक्षकाने शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत पाहायचं, इतकी साधी गोष्ट ठरवून केली तर ‘कुठे गेली कळलं नाही’ या रकान्यातली अर्धी नावं सापडतात, असा माझा अनुभव आहे.

नापास झालेल्या मुलीसाठी निकालाच्या दिवशीच घरच्यांशी बोलणं व्हायला हवं. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच दिवशी. फेरपरीक्षा कधी, तिला कोण शिकवणार, किती विषय राहिले, हे कागदावर लिहून द्यायचं. घरी बसलेले पहिले दोन महिने फार नाजूक असतात. त्या काळात घराची कामं तिच्याभोवती नव्याने बसतात, आणि एकदा बसली की ती मोकळी करून घेणं फार अवघड जातं.

आणि जिचं लग्न झालं, जिला मूल झालं, तिचं काय? तिला सोडून देणं हा माझ्या क्षेत्रातला सगळ्यांत मोठा अन्याय आहे असं मी मानतो. केनियाने 1994 मध्येच अशा मुलींना परत घेण्याचं धोरण आणलं. सिएरा लिओनने गर्भार मुलींवरची शाळाबंदी 2020 मध्ये उठवली, टांझानियाने 2021 मध्ये. आणि झोम्बाच्याच प्रयोगात सर्वांत टिकाऊ फायदा कुणाला झाला, तर ज्या मुली प्रयोग सुरू होतानाच शाळाबाह्य होत्या आणि ज्यांना शाळेत परतण्याच्या अटीवर पैसे मिळाले त्यांना. अनेक वर्षांनीही त्यांचं शिक्षण जास्त आणि मुलांची संख्या कमी होती. परतणाऱ्या मुलीला मात्र नुसती परवानगी पुरत नाही. शाळेच्या वेळात बाळ कुणाकडे राहील आणि त्याला दूध पाजायला ती मधल्या सुट्टीत जाऊ शकेल का, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरलं पाहिजे. वर्गात तिच्याहून तीन वर्षांनी लहान मुली असतात, तेव्हा तिला पहिल्या बाकावर एकटं बसवायचं नाही, तिच्यासारखी दुसरी कुणी परतली असेल तर दोघींना एकाच तुकडीत घ्यायचं. आणि तिची हजेरी पहिले तीन महिने आठवड्याला बघायची, महिन्याला नाही. माझ्या अनुभवात परतलेल्या मुली पुन्हा सुटतात त्या बहुतेक सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, बाळ पहिल्यांदा आजारी पडतं तेव्हा. त्या आठवड्यात शाळेतून कुणीतरी घरी गेलं, बुडालेल्या धड्याची वही सोबत नेली, तर ती पुढच्या सोमवारी वर्गात दिसते.